उताऱ्याआधी कोणते शब्द शिकवावेत आणि कोणते मुलांच्या तर्कावर सोडावेत

उतारा हातात आला की आपल्यापैकी बरेच शिक्षक आधी पेन्सिल घेऊन अवघड शब्दांखाली रेघा मारतात, फळ्यावर त्यांचे अर्थ लिहितात आणि मग वाचायला सांगतात. यात वेळ तर जातोच, शिवाय दोन उलट्या गोष्टी घडतात. जे शब्द मुलांना वाक्यातूनच कळले असते त्यांचा अर्थ आपण आयता देऊन टाकतो. आणि ज्या शब्दांवर उतारा उभा असतो ते पुष्कळदा आपल्या यादीत येतच नाहीत, कारण ते आपल्याला अवघड वाटलेलेच नसतात.

माझ्या मते ‘अवघड’ ही कसोटीच बाजूला ठेवावी. प्रत्येक अनोळखी शब्दाला दोन प्रश्न विचारावेत. हा शब्द कळला नाही तर उताऱ्याचा मुख्य आशय कोसळतो का? आणि या शब्दाचा अर्थ उतारा स्वतः देतो का? कोसळतो आणि देत नाही, असा शब्द आधी शिकवायचा. उतारा अर्थ देत असेल तर शब्द कितीही भारदस्त असला तरी मुलांवर सोडायचा. आशय कोसळत नाही आणि उतारा अर्थही देत नाही, अशा शब्दासाठी समासात दोन-तीन शब्दांची टीप पुरते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला सहसा बरोबर देता येते. दुसऱ्याचे मात्र फार वेळा चुकते. आपल्याला अर्थ आधीच माहीत असतो, म्हणून आजूबाजूची प्रत्येक खूण त्याच्याकडेच बोट दाखवते आहे असे वाटते. म्हणून हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. तो एका उताऱ्यावर पायरी-पायरीने करून पाहू.

उतारा आणि वर्ग

मराठी ही ज्यांची घरची भाषा नाही आणि जी तीन-चार वर्षांपासून मराठी वाचतात, अशी बारा-तेरा वर्षांची मुले समोर आहेत असे धरू. त्यांच्यासाठी हा १२० शब्दांचा उतारा:

मधमाशी फुलांवरून परतते तेव्हा तिच्या पोटात मकरंद असतो आणि डोक्यात एक पत्ता. पोळ्यातल्या काळोखात हा पत्ता ती इतर माश्यांना नाचून सांगते. पोळ्याच्या उभ्या पृष्ठभागावर ती थोडे अंतर सरळ चालत जाते. चालताना शरीराचा मागचा भाग डावी-उजवीकडे थरथरवते, मग वळसा घालून पुन्हा मूळ जागी येते. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. तिच्या सरळ चालीचा उभ्या रेषेशी जो कोन होतो, तोच कोन बाहेर सूर्याची दिशा आणि फुलांची दिशा यांच्यात असतो. थरथर जितकी जास्त वेळ चालते, तितकी फुले लांब. भोवतालच्या माश्या तिला खेटून चालतात, कारण काळोखात डोळ्यांचा उपयोग नसतो. तिची हालचाल त्या शृंगिकांनी टिपतात. काही माश्या लगेच बाहेर झेपावतात, काही मात्र घुटमळत राहतात. आणलेला मकरंद पातळ असेल तर नाच अल्पजीवी ठरतो. या नाचाचा उलगडा कार्ल फॉन फ्रिश यांनी केला. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पायरी १: आधी आशय एका वाक्यात लिहा

शब्दांकडे वळण्याआधी एक वाक्य लिहून ठेवा: हा उतारा वाचून झाल्यावर मुलांना काय सांगता आले पाहिजे? इथे ते असे होईल: मधमाशी उभ्या पृष्ठभागावर ज्या कोनात चालते, त्यावरून इतर माश्यांना फुलांची दिशा कळते आणि ती किती वेळ थरथरते यावरून अंतर कळते.

हे वाक्य लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पहिला प्रश्न या वाक्यालाच विचारायचा आहे. मकरंदाचा दाटपणा, नोबेल, काही माश्यांचे रेंगाळणे या गोष्टी उताऱ्यात छान आहेत, पण त्या काढल्या तरी वाक्य शाबूत राहते. उभा पृष्ठभाग किंवा कोन काढला तर काहीच उरत नाही. एरवी पोळे, चाल, कोन हे शब्द आपल्या पेन्सिलीखाली आले नसते, शृंगिका आणि अल्पजीवी नक्की आले असते. आशयाचे वाक्य समोर असले की हा क्रम आपोआप उलटतो.

पायरी २: संशयित शब्दांची यादी आणि ओळखीचे सोंग घेणारे शब्द

आता मुलांच्या नजरेने उतारा वाचून जिथे अडखळण्याची शक्यता आहे ते सगळे शब्द काढा. माझ्या यादीत पंधरा शब्द आले: मकरंद, पोळे, पृष्ठभाग, थरथरवणे, वळसा घालणे, चाल, कोन, खेटून, शृंगिका, टिपणे, झेपावणे, घुटमळणे, अल्पजीवी, उलगडा, विभागून.

यात ‘चाल’ आणि ‘टिपणे’ का आले, असे वाटेल. हे दोन्ही शब्द मुलांनी ऐकलेले आहेत आणि अडचण नेमकी तीच आहे. चाल म्हणजे गाण्याची चाल किंवा बुद्धिबळातली चाल. इथे तर उतारा नाचाबद्दल आहे, त्यामुळे गाण्याची चाल मनात येणे अगदी साहजिक. ‘तिच्या सरळ चालीचा’ हे शब्द मूल ‘साध्या चालीच्या गाण्याचा’ असे वाचून पुढे जाईल आणि आपले काही चुकले आहे याचा त्याला पत्ताही लागणार नाही. तसेच टिपणे म्हणजे सांडलेले पाणी पुसून घेणे एवढेच ज्याला माहीत आहे, ते मूल तो अर्थ इथे तसाच लावेल. अनोळखी शब्दापाशी मूल निदान थबकते, तर्क करते, हात वर करते. ओळखीच्या शब्दाच्या अनोळखी अर्थापाशी ते थबकतच नाही, म्हणून तर्काची सुरुवातही होत नाही. असे शब्द मुलांवर सोडता येत नाहीत, मग भोवती कितीही खुणा असोत.

यादी करताना मराठीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे शब्दाचे उताऱ्यात आलेले रूप. ‘पोळे’ हा शब्द माहीत असलेले मूलही ‘पोळ्यातल्या’ या रूपात तो ओळखेलच असे नाही. त्याला ‘पोळ्या’ आठवण्याची शक्यता जास्त. म्हणून यादीत मूळ शब्दाशेजारी उताऱ्यातले रूपही लिहून ठेवावे.

यादी झाली की ती वर्गाकडून तपासून घ्या. आदल्या दिवशी दोन मिनिटांत होते. शब्द फळ्यावर लिहा, मुलांना प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करायला सांगा: अर्थ सांगू शकतो, पाहिला आहे, कधीच पाहिला नाही. ‘सांगू शकतो’ म्हणणाऱ्या दोघा-तिघांकडून अर्थ वदवून घ्या, नाहीतर सगळ्यांनाच सगळे येत असते. ‘चाल’सारखा शब्द इथे बरोबर पकडला जातो: सगळे ‘सांगू शकतो’ म्हणतात आणि सांगतात गाण्याबद्दल. आपल्या वर्गात या तपासणीनंतर तीन शब्द गळले असे समजू. थरथरवणे थंडीच्या थरथरीवरून कळले, झेपावणे मागच्या एका धड्यात येऊन गेले होते, विभागून ‘विभाग’वरून जुळले. उरले बारा.

आता थोडा हिशेब. हे बारा शब्द उताऱ्यात मिळून पंधरा वेळा येतात (मकरंद, पोळे आणि कोन दोनदा). १२० शब्दांत पंधरा, म्हणजे दर आठ शब्दांमागे एक अनोळखी. इतक्या दाटीत तर्क चालत नाही, कारण एका अनोळखी शब्दाचा अर्थ लावायला ज्या खुणा लागतात त्याच अनोळखी असतात. इंग्रजी वाचणाऱ्यांबद्दल बातिया लाउफर यांनी १९८९ साली ९५ टक्के शब्द ओळखीचे असावेत असे मांडले. हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली कथात्म मजकुरासाठी, कुणाची मदत न घेता नीट समजायचे तर ९८ टक्क्यांच्या आसपास, असा निष्कर्ष काढला. म्हणजे वीस शब्दांमागे एक किंवा पन्नासांमागे एक. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्याने हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण वर्गातल्या, शिक्षक सोबत असलेल्या वाचनासाठी ‘विसामागे एक’ हे लक्ष्य मला कामाचे वाटते. १२० शब्दांत सहा. पंधरावरून सहावर यायचे आहे. कुणाला शिकवायचे, कुणाला टीप द्यायची आणि कुणाला सोडायचे हे आता ठरवायचे.

पायरी ३: शब्द झाकून पाहा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या डोक्याने देऊ नका, कारण वर म्हटल्याप्रमाणे ते डोके निष्पक्ष नाही. उताऱ्याची एक प्रत काढा, यादीतले शब्द काळ्या पट्टीने झाका आणि उतारा न वाचलेल्या दोन-तीन सहकाऱ्यांना द्या. प्रत्यय मात्र झाकू नका. ‘घुटमळत’मधले शेवटचे ‘त’ आणि ‘शृंगिकांनी’मधले ‘नी’ दिसू द्या, कारण मुलांनाही ते दिसणार आहेत. प्रत्येक पट्टीवर काय असेल ते त्यांना लिहायला सांगा.

इथे एक खाच आहे. एका वेळी एकच शब्द झाकला तर मोठ्या माणसाला जवळजवळ सगळेच ओळखता येते, कारण बाकीचे वाक्य त्याला स्पष्ट दिसत असते. मुलांना ते तसे दिसत नाही. म्हणून यादीतले सगळे शब्द एकाच वेळी झाका. ‘तिची हालचाल त्या शृंगिकांनी टिपतात’ या वाक्यात फक्त शृंगिका झाकली तर कुणीही ‘एखाद्या अवयवाने’ असे म्हणेल. दोन्ही शब्द झाकले की उरते ‘तिची हालचाल त्या –नी –तात’, आणि मग ‘पायांनी अडवतात’, ‘पंखांनी थांबवतात’ असे काहीही सुचते. हे दोन शब्द एकमेकांच्या आधारावर उभे आहेत. निदान एकाचा तरी अर्थ बाहेरून पुरवल्याशिवाय दुसरा उघडणार नाही.

मिळालेल्या उत्तरांत बरोबर किती आणि चूक किती हे मोजू नका. ती एकमेकांपासून किती विखुरली आहेत ते बघा. इझाबेल बेक, मार्गारेट मॅककिओन आणि एलन मॅककॅस्लिन यांनी १९८३ साली संदर्भांचे चार प्रकार सांगितले होते, ते इथे फार उपयोगी पडतात: अर्थाकडे थेट नेणारा संदर्भ, साधारण दिशा देणारा, काहीच न सांगणारा आणि चुकीच्या वाटेला लावणारा. उत्तरे पाहिली की कोणता शब्द कुठल्या प्रकारात बसतो ते दिसते.

‘काही माश्या लगेच बाहेर झेपावतात, काही मात्र –त राहतात.’ इथे लोक ‘थांबत’, ‘रेंगाळत’, ‘वाट पाहत’ असे लिहितात. शब्द वेगळे, पण सगळे एकाच ठिकाणी उभे. ‘लगेच’ आणि ‘मात्र’ यांनी मिळून अर्थ जवळपास सांगूनच टाकला आहे. ‘खेटून’चेही तसेच: ‘चिकटून’, ‘जवळून’, ‘धरून’. ‘कारण काळोखात डोळ्यांचा उपयोग नसतो’ या कारणामुळे दुसरे काही सुचतच नाही. वळसा घालणे तर पुढच्या ‘पुन्हा मूळ जागी येते, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून’ यातून बोटाने काढून दाखवता येते. हे तिन्ही थेट नेणारे संदर्भ.

मकरंदाच्या जागी बहुतेक ‘मध’ किंवा ‘रस’ येतो. मध हे उत्तर काटेकोरपणे चूक आहे, कारण मध नंतर पोळ्यात तयार होतो. पण फुलांकडून आणलेली गोड वस्तू एवढे मुलाच्या हाती लागले तर उतारा कुठेही अडत नाही. ही साधारण दिशा झाली आणि या उताऱ्यापुरती ती पुरते. उलगडा तसाच, लोक ‘शोध’, ‘अभ्यास’ लिहितात आणि वाक्य चालते.

आता ‘आणलेला मकरंद पातळ असेल तर नाच – ठरतो’ बघा. ‘मंद’, ‘फिका’, ‘संथ’, ‘कंटाळवाणा’. ही सगळी उत्तरे वाक्यात चपखल बसतात, सगळी चूक आहेत आणि ‘पातळ’ या शब्दाने लोकांना तिकडे ढकलले आहे. चुकीच्या वाटेला लावणारा संदर्भ असाच असतो: तो तर्क करणाऱ्याला आत्मविश्वास देतो. मूल मागे वळून तपासत नाही, कारण त्याचे वाक्य व्यवस्थित जुळलेले असते. अल्प आणि जीवी हे तुकडे ओळखणारी मुले सुटतील, पण आपल्या वर्गात त्यांची खात्री नाही.

कोन आणि पृष्ठभाग यांच्या जागी काही लोक रिकामी पट्टी तशीच सोडतात. ‘उभ्या रेषेशी जो – होतो, तोच – बाहेर’ या वाक्यात शब्द दोनदा आला तरी त्याचे काहीच कळत नाही. दोनदा येणे म्हणजे खूण नव्हे. दोन्ही जागी तोच अंधार असेल तर पुनरावृत्तीचा फायदा शून्य.

सहकारी मिळाले नाहीत तर उतारा आठवडाभर बाजूला ठेवून स्वतःवरही हे करता येते, पण त्याची विश्वासार्हता निम्म्याहून कमी समजा.

पायरी ४: वाटणी

आता दोन्ही प्रश्नांची उत्तरे हाताशी आहेत.

आधी शिकवायचे: पोळे, पृष्ठभाग, कोन, चाल. पोळ्याबद्दल मी थोडा घुटमळलो, कारण ‘माश्यांचे घर’ एवढा तर्क मुले करू शकतात. पण उताऱ्याला घर पुरत नाही, उभी भिंतीसारखी रचना डोळ्यांपुढे यावी लागते. ती आली नाही तर ‘उभी रेषा’ कुठली हे कळणार नाही आणि कोन जमिनीवर काढला जाईल.

समासात टीप द्यायचे: शृंगिका (डोक्यावरच्या मिशा), टिपतात (ओळखतात, नोंद घेतात), अल्पजीवी (थोडाच वेळ टिकणारा). टीप त्या ओळीशेजारीच असावी. उताऱ्याच्या शेवटी दिलेल्या शब्दार्थांकडे जाऊन परत येईपर्यंत वाक्य हातातून निसटते.

मुलांवर सोडायचे: मकरंद, वळसा, खेटून, घुटमळत, उलगडा. हे पाच शब्द उताऱ्यात सहा वेळा येतात. १२०मध्ये सहा, म्हणजे विसामागे एक. हिशेब प्रत्येक वेळी असा नेमका जुळत नाही, पण दहा-बाराच्या वर उरत असतील तर आणखी टिपा द्याव्यात. आणि आधी शिकवायच्याच शब्दांची संख्या सात-आठच्या पुढे जात असेल तर माझे स्पष्ट मत आहे की उतारा त्या वर्गासाठी नाही. तो बदला किंवा दोन महिन्यांनी वापरा. शब्द शिकवून शिकवून उतारा वर्गाच्या आवाक्यात ओढता येत नाही, कारण ताजे शिकवलेले आठ शब्द आठवता आठवता वाचनाकडे लक्षच उरत नाही.

पायरी ५: शिकवताना उतारा फोडू नका

चार शब्दांना मिळून पाच-सहा मिनिटे द्यावीत. त्यासाठी कोणता शब्द कल्पनेसकट नवा आहे आणि कोणत्याचे फक्त नाव नवे आहे हे ओळखा. कोन ही कल्पना मुलांना गणितातून, दुसऱ्या भाषेत, माहीत आहे. फळ्यावर दोन रेघा काढून ‘याला मराठीत कोन म्हणतात’ एवढे अर्धे मिनिट पुरे. पृष्ठभागासाठी टेबलावरून हात फिरवा: हा टेबलाचा पृष्ठभाग, आडवा. मग भिंतीवर हात ठेवून विचारा: आणि हा? ‘भिंतीचा पृष्ठभाग, उभा.’ उभा आणि आडवा यांचा फरक इथेच पक्का होतो आणि पुढे तोच लागणार आहे. पोळ्याचे चित्र दाखवताना ते उभे लटकलेले दिसेल असे निवडा. चित्राखाली पोळे, पोळ्यात, पोळ्याच्या ही रूपे लिहा. चालीसाठी एका मुलाला दारापासून खिडकीपर्यंत सरळ चालायला सांगा: ही तिची चाल, गाण्याची चाल वेगळी, इथे चालण्याची चाल. मग फळ्यावर ‘चालीचा’ लिहा.

शब्द कळला का हे ‘समजलं ना?’ असे विचारून कधीच कळत नाही. करायला सांगा: ‘भिंतीच्या पृष्ठभागावर पेन्सिल ठेव. आता ती उभ्या रेषेशी कोन करेल अशी वळव.’ हे जमले की चारपैकी दोन शब्द तपासून झाले.

इथे एक मोह आवरावा लागतो. पेन्सिल भिंतीवर तिरकी धरलीच आहे तर लगेच ‘मधमाशीही अशीच नाचते बरं का, आणि त्यावरून…’ असे सांगण्याचा. तसे सांगितले की उताऱ्यात वाचण्यासारखे काही राहिले नाही. शब्द द्या, त्यांच्यातला संबंध देऊ नका. तो उताऱ्याने द्यायचा आहे. याचसाठी उतारा ज्या शब्दाची व्याख्या स्वतःच करतो तो शब्द कितीही मध्यवर्ती असला तरी आधी शिकवू नये.

आपण संबंध फोडला का, हे तपासायची सोपी रीत आहे. शब्द शिकवून झाल्यावर, वाचनाआधीच, मुख्य आशयावरचा एक प्रश्न विचारा. या उताऱ्यासाठी: ‘मधमाशी पोळ्यावर सरळ वरच्या दिशेने चालली तर फुले कुठे असतील?’ वाचनाआधी याचे उत्तर कुणालाच येऊ नये. आले तर आपण जास्त बोललो. वाचनानंतर ते बऱ्याच जणांना यावे: सूर्याच्याच दिशेला, कारण उभ्या रेषेशी कोन शून्य. वाचूनही आले नाही, तर शिकवलेले चार शब्द नीट पोचले नाहीत किंवा पाचवा एखादा आपण विसरलो. बहुतेक वेळा तो ‘दिशा’ किंवा ‘रेषा’ असा, आपण गृहीत धरलेला शब्द निघतो.

पायरी ६: सोडलेल्या शब्दांचे काय करायचे

सोडणे म्हणजे विसरणे नव्हे. पहिल्या वाचनात मुलांना सोडलेल्या पाच शब्दांपाशी न थांबता पुढे जायला सांगा, शब्दाखाली फक्त रेघ. दुसऱ्या वाचनात प्रत्येक रेघेवर पेन्सिलीने तर्क लिहायला सांगा. तर्काची वाट शिकवावी लागते, आणि ती लहान ठेवलेली बरी. शब्द काम दाखवतो का वस्तू, हे प्रत्ययावरून पाहायचे. मग आजूबाजूला ‘मात्र’, ‘कारण’, ‘म्हणजे’, ‘पण’ यांपैकी काही आहे का ते शोधायचे. शेवटी आपला अंदाज त्या जागी ठेवून वाक्य वाचायचे. ‘काही मात्र थांबत राहतात’: बसते.

मग वर्गात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा: ‘कशावरून?’ ‘घुटमळत म्हणजे थांबत’ एवढ्यावर समाधान मानू नका. ‘मात्र आहे ना, म्हणून झेपावण्याच्या उलट’ हे मुलाच्या तोंडून आले पाहिजे. बरोबर अंदाज पण कारण नाही, तर तो पुढच्या उताऱ्यात कामाला येणार नाही. चुकीचा अंदाज आणि चांगले कारण, हे मी जास्त मोलाचे मानतो.

अंदाजांची पडताळणी मात्र त्याच तासात झाली पाहिजे. पुसली न गेलेली चूक स्वतःच शोधून काढलेली असल्यामुळे घट्ट बसते. मकरंद आणि मध यांतला फरक सांगायची जागा इथे आहे, वाचनाआधी नव्हे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. संदर्भावरून अर्थ कळला म्हणजे शब्द शिकून झाला, असे होत नाही. स्वॅनबॉर्न आणि डी ग्लॉपर यांनी १९९९ साली अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा सहज वाचताना भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी साधारण पंधरा टक्केच आत्मसात होतात असे दिसले. तर्काने उतारा समजतो. शब्द टिकवायचा तर वेगळे काम लागते. म्हणून सोडलेल्या पाचांतून आणि टिपा दिलेल्या तिघांतून, पुढेही भेटतील असे दोन-तीन निवडा. मी उलगडा, टिपणे आणि घुटमळणे घेईन. हे तिन्ही कथेत, बातमीत, विज्ञानाच्या धड्यात कुठेही येतात. कोड्याचा उलगडा, कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य, दारापाशी घुटमळणारे मांजर, असे दोन-दोन नवे प्रसंग द्या आणि मुलांकडून एकेक वाक्य घ्या. शृंगिका मी मागे सोडून देईन. कीटकांचा धडा येईल तेव्हा ती पुन्हा भेटेल.

निवड चुकली हे कसे ओळखावे

सगळा वर्ग एकाच ओळीपाशी अडला तर तिथला शब्द आधी शिकवायच्या यादीत हवा होता. अडल्याशिवाय सगळे पुढे गेले, पण चार-पाच जणांच्या वहीत तोच चुकीचा अर्थ सापडला, तर तो शब्द चुकीच्या वाटेला लावणारा होता आणि झाकणीच्या वेळी आपल्याला ते दिसले नाही. मुले समासातल्या टिपा वाचून उतारा मात्र वरवर चाळत असतील, तर टिपा जास्त झाल्या. आणि वाचनाआधीच्या पाच मिनिटांत वर्गाचा उत्साह संपला असेल, तर बहुधा आपण सोडायचे शब्दही शिकवत बसलो.

घरी मराठी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात वाटणी बदलते. पोळे, चाल, कोन यांना तिथे काही सेकंदही लागणार नाहीत, टिपणेची टीप काढून तो तर्कावर सोडता येईल, आणि पृष्ठभाग एकटाच आधी शिकवायचा शब्द उरेल. मिश्र वर्गात मी चारही शब्द सगळ्यांसाठी घेतो, पण टिपा दोन प्रतींत वेगळ्या ठेवतो: एका प्रतीत तीन, दुसरीत पाच-सहा, ज्यांत घुटमळत आणि खेटून यांचीही भर. दोन्ही प्रतींत मकरंद आणि वळसा मोकळेच ठेवायचे, म्हणजे तर्क करायची संधी प्रत्येकाला मिळते.

प्रत्येक उताऱ्यामागे झाकणीची उत्तरे आणि वर्गातले तर्क एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून उताऱ्याच्या प्रतीलाच टाचून ठेवा. पुढच्या वर्षी तोच उतारा घेताना पुन्हा पायरी तीनपासून सुरुवात करायची गरज पडत नाही. नव्या वर्गासोबत फक्त दुसऱ्या पायरीची दोन मिनिटांची तपासणी पुरते.